तीन दिवसांनी हुकलेला माल: नागपुरातल्या एका चिवडा कारखान्याचं प्रकरण

## पार्श्वभूमी

हिंगणा एमआयडीसीत चिवडा आणि शेव बनवणारा एक छोटा कारखाना आहे. मालक, त्यांचा पुतण्या आणि वीस-बावीस कामगार. बरीच वर्षं त्यांचा माल इतवारीच्या एका वितरकामार्फत किराणा दुकानांत जायचा. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या रिटेल साखळीने त्यांचा चिवडा घेतला आणि वाडीच्या बाजूला असलेल्या तिच्या वितरण केंद्रात दर महिन्याला माल जाऊ लागला. मी अशा छोट्या अन्न उद्योगांचं स्टॉक आणि डिस्पॅचचं काम बघतो. या प्रकरणात मला बोलावलं ते माल परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. नावं गाळली आहेत.

चिवड्याच्या 200 ग्रॅमच्या पाकिटावर 120 दिवसांची मुदत छापलेली असते. एका पेटीत 24 पाकिटं आणि रिटेलरला पेटीचा दर 960 रुपये. पुरवठ्याच्या करारात एक ओळ होती: माल उतरवून घेताना एकूण मुदतीपैकी किमान 75 टक्के मुदत शिल्लक हवी. म्हणजे 120 पैकी 90 दिवस. सही करताना ही ओळ कोणी नीट वाचली नव्हती. मालक म्हणाले, "आमचा माल ताजाच असते, वाचाचं काय त्यात?" पहिलं दीड वर्ष खरंच अडचण आली नाही, कारण ऑर्डर लहान होत्या आणि माल तयार झाला की लगेच निघायचा.

## काय घडलं

एप्रिलमध्ये लग्नसराईच्या अंदाजाने कारखान्याने मोठ्या बॅच काढल्या. एक 4 एप्रिलची, एक 18 ची, एक 22 ची. 30 एप्रिलला रिटेलरची 400 पेट्यांची ऑर्डर आली. पुतण्याने गोदामात हिशेब केला. 4 एप्रिलचा माल 26 दिवसांचा, म्हणजे 94 दिवस शिल्लक, 78 टक्क्यांच्या वर. त्याने निर्धास्तपणे 260 पेट्या त्या बॅचच्या आणि 140 पेट्या 22 एप्रिलच्या बॅचच्या लावल्या.

पण वितरण केंद्रात माल मनाला येईल तेव्हा नेता येत नाही. उतरवायची वेळ आधी मागावी लागते. स्लॉट मागितला तो 2 मे रोजी, मिळाला 7 मेचा. त्या मधल्या पाच दिवसांकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. तयार पेट्या गोदामाच्या दाराशी रचून ठेवल्या होत्या, म्हणजे पुतण्याच्या लेखी माल निघालेलाच होता.

7 मेला आयशर गाडी केंद्राच्या गेटवर लागली. इनवर्डला असलेल्या मुलाने वेगवेगळ्या थरांतून तीन पेट्या काढायला लावल्या, टेप फाडला, पाकिटाच्या मागच्या शिवणीवर इंकजेटने छापलेली बारीक तारीख मोबाइलच्या उजेडात वाचली आणि हातातल्या मशीनमध्ये टाकली. 4 एप्रिल. पडद्यावर लाल पट्टी आली. शिल्लक 87 दिवस, 72.5 टक्के. तीन दिवस कमी.

पुतण्या म्हणाला, "भाऊ, माल तं चांगलाच हाय. एक पाकीट फोडून पाह्य ना."

"मले चव नाही पाह्यची दादा, तारीख पाह्यची हाय," तो मुलगा म्हणाला. त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. मशीन त्या बॅचचा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंदच, बनवू देत नव्हतं, आणि जीआरएनशिवाय माल आत घेतला तर हिशेबात तो कुठेच दिसणार नव्हता.

चार तास गाडी गेटवर उभी होती. शेवटी 140 पेट्या उतरल्या आणि 260 परत हिंगण्याला आल्या. परत आलेल्या मालाची किंमत 2,49,600 रुपये. वर परतीचं भाडं 2,800 आणि ऑर्डर पूर्ण न केल्याबद्दल न पोहोचलेल्या मालावर दोन टक्के कपात, म्हणजे 4,992.

## रिटेलरचे नव्वद दिवस जातात कुठे

दुसऱ्या दिवशी मालकांचा पहिला मुद्दा कायद्याचा होता. "कायदा 60 टक्के म्हणते, मंग हे 75 कुठून आणतात?" हे 60 टक्के मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकतो. तो नियम आयात मालाचा आहे. आयात अन्न कस्टममधून सुटताना त्याची 60 टक्के मुदत किंवा एक्सपायरीपर्यंत तीन महिने, यांतलं जे कमी असेल ते शिल्लक हवं. हिंगण्याहून वाडीला जाणाऱ्या चिवड्याशी त्याचा संबंध नाही. देशात बनलेल्या मालाबाबत मुदत संपल्यावर तो विकायचा नाही हे बंधन पक्कं आहे. पण दुकानदाराने किती दिवस आधीचा माल घ्यावा, हा दोघांच्या करारातला प्रश्न आहे.

त्यामुळे खरा प्रश्न असा की रिटेलरला इतके दिवस लागतात कशाला. रिटेलरच्या खरेदी अधिकाऱ्याबरोबर फोनवर बसून आम्ही हिशेब उलट्या बाजूने, ग्राहकापासून मागे, मांडत गेलो.

शेवटचे 45 दिवस ग्राहकाचे. एक्सपायरीला 45 दिवस उरले की साखळी पाकीट शेल्फवरून काढते. हा आकडा उगाच आलेला नाही. त्यांची दुकानं ॲपवरच्या ऑर्डरही घरपोच देतात, आणि अन्न नियामक एफएसएसएआयने नोव्हेंबर 2024 मध्ये ऑनलाइन अन्न विक्रेत्यांना सांगितलं की ग्राहकाच्या हातात पडताना किमान 30 टक्के किंवा 45 दिवस मुदत शिल्लक असावी. दुकानातला आणि ॲपवरचा माल एकाच शेल्फवरून उचलला जातो, म्हणून साखळीने सगळ्यांना 45 लावून टाकले.

त्याआधीचे 32 दिवस शेल्फचे. एका मध्यम दुकानात हा चिवडा आठवड्याला पाचेक पाकिटं खपतो. दुकानाला माल सुटा जात नाही, पूर्ण पेटी जाते. 24 पाकिटं संपायला साधारण साडेचार आठवडे लागतात. त्याआधीचे तीन दिवस अमरावती, चंद्रपूर, गोंदियाच्या दुकानांपर्यंतच्या वाहतुकीचे आणि त्याआधीचे दहा दिवस वितरण केंद्रातल्या साठ्याचे.

45, 32, 3 आणि 10. बरोबर 90.

हा हिशेब कागदावर आल्यावर मालक बराच वेळ गप्प होते. तोवर त्यांना वाटत होतं की 75 टक्के म्हणजे मोठ्या लोकांचा तोरा. हिशेबात एकही दिवस चैनीचा दिसत नव्हता. दुसरीही एक गोष्ट त्यातून दिसली, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची होती. करारात न विकलेला माल पुरवठादाराने परत घ्यायचा होता. म्हणजे त्या 260 पेट्या गेटवर कशाबशा आत गेल्या असत्या, तर त्यातल्या बऱ्याच जूनच्या मध्यानंतर, 45 दिवस उरल्यावर, शेल्फवरून उतरून डेबिट नोटसह, म्हणजे पैसे कापून, हिंगण्यालाच आल्या असत्या. तेव्हा त्या विकायला हातात आणखी कमी दिवस असते. गेटवरचा नकार महाग पडला खरा, पण त्यातल्या त्यात स्वस्तातला नकार होता.

120 मधले 90 रिटेलरचे गेले की कारखान्याच्या वाट्याला उरतात 30. उत्पादन, गोदाम, ऑर्डरची वाट आणि स्लॉटची वाट, हे सगळं त्या 30 दिवसांत बसवायचं. 4 एप्रिलच्या मालाने त्यातले 26 दिवस ऑर्डर येईपर्यंतच संपवले होते.

## समोरचे पर्याय

परत आलेल्या 260 पेट्यांचं काय करायचं, यावर त्या सकाळी चार सूचना आल्या.

पहिली पॅकिंग विभागातल्या एकाची. थिनरने तारीख पुसून नवी मारायची, इंकजेटची शाई लगेच निघते. मालकांनी ती तिथेच उडवून लावली, आणि ते बरंच झालं. तारीख बदलणं हे अन्न सुरक्षा कायद्याखाली मिसब्रँडिंग आहे. त्याला 3 लाखांपर्यंत दंड आहे, आणि बॅचच्या नोंदी तपासल्या की हे सहज उघडं पडतं. शिवाय मुदत छापण्यामागे मालाच्या आयुष्याचा हिशेब असतो, तो पुसून बदलत नाही.

दुसरी, रिटेलरकडून सवलत मागायची. खरेदी अधिकारी अपवाद करू शकतो, पण त्यासाठी मेल गाडी निघण्याआधी लागतो. गेटवर नाकारलेला माल पुन्हा पाठवायचा तर नवी ऑर्डर, नवा स्लॉट, आणि तोवर आणखी आठवडा. तरीही विचारलं. तो म्हणाला की 2 तारखेला सांगितलं असतं तर 8 टक्के सूट घेऊन जवळच्या, जास्त खपाच्या दुकानांसाठी घेतला असता.

तिसरी, थांबायचं आणि कोणी मोठा गिऱ्हाईक शोधायचा. हिला मी विरोध केला, कारण नागपूरचा मे. गोदामाला पत्र्याचं छत, बाहेर पारा 45 च्या आसपास. पाकिटावरचे 120 दिवस कोरड्या आणि थंड जागेतले आहेत. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या थप्पीतलं एक पाकीट मी फोडलं. शेंगदाण्याला पुसटसा खवट वास येत होता, जिभेवर ठेवल्यावर नक्की कळला. तळलेल्या मालातलं तेल उष्णतेत लवकर बिघडतं. तारखेप्रमाणे 86 दिवस बाकी होते, पण त्या थप्पीचं वय तारखेपेक्षा जास्त झालं होतं. मधल्या आणि दाराजवळच्या थप्प्या ठीक होत्या.

चौथी, ज्यांची मालाची साखळी छोटी आहे त्यांना थोडा तोटा घेऊन लगेच विकायचं. इतवारीच्या वितरकाकडून किराणा दुकानात गेलेली पाकिटं पंधरा-वीस दिवसांत खपतात, आणि त्यांना सगळ्या वाटेसाठी 90 दिवस लागत नाहीत. हाच पर्याय निवडला.

## काय केलं

130 पेट्या इतवारीच्या वितरकाने पाच टक्के कमी दराने घेतल्या. बुटीबोरीत कारखान्यांच्या कँटीन चालवणाऱ्या एका ठेकेदाराने 90 पेट्या पंधरा टक्के कमीने उचलल्या. त्याच्याकडे माल दहा दिवसही टिकत नाही, त्यामुळे तारखेबद्दल त्याने फक्त एकदा विचारलं. उरलेल्या 40 पैकी 28 पेट्या वर्ध्याच्या बाजूच्या आठवडी बाजारात फिरणाऱ्या विक्रेत्यांना चतुर्थांश कमी दराने गेल्या. पश्चिमेच्या भिंतीकडच्या 12 पेट्या आम्ही नष्ट केल्या, आणि त्यांच्या कच्च्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, उलटवावं लागलं. कमी दराने का होईना, माल विकला तर ते क्रेडिट उलटवावं लागत नाही. म्हणूनच शक्य तेवढा माल विकण्यावर जोर होता.

कर सोडला, तर हिशेब असा: दर कमी केल्याचा आणि नष्ट केलेल्या मालाचा मिळून 37,440 रुपये, भाडं आणि कपात धरून 45,232. ज्या मालाची किंमत अडीच लाख होती, त्याचे सुमारे अठरा टक्के तीन दिवसांत गेले.

याच काळात माझ्याकडून एक चूक झाली, ती इथे लिहायलाच हवी. 14 मेसाठी रिटेलरची 60 पेट्यांची छोटी ऑर्डर आली. 18 एप्रिलची बॅच शिल्लक होती. 14 तारखेला तिचे 94 दिवस उरणार होते, म्हणजे 78 टक्के. मी स्लॉटची तारीख धरूनच मोजलं आणि बिनधास्त पाठवायला सांगितलं. ती गाडीही परत आली. करारात त्याच ओळीखाली आणखी एक ओळ होती: आधी घेतलेल्या बॅचपेक्षा जुनी बॅच घेतली जाणार नाही. 7 मेला आत गेलेल्या 140 पेट्या 22 एप्रिलच्या होत्या. 18 एप्रिल त्याआधीचा.

हा नियम वरवर आडमुठा वाटतो, पण दुकानात जाऊन पाहिलं की कळतो. ज्याची एक्सपायरी आधी, तोच माल केंद्रातून आधी बाहेर पडतो. पण 22 एप्रिलची पाकिटं तोवर दुकानांत पोहोचून शेल्फवर लागलेली असतात. मागाहून आलेला माल दुकानातला मुलगा सवयीने मागे सारतो आणि पुढचा विकतो. त्यामुळे जुनी तारीख मागे अडकून बसते आणि तिथेच संपते. माल ज्या क्रमाने येतो तोच क्रम तारखांचा असेल, तरच दुकानातली ती सवय बरोबर ठरते. मी टक्केवारी मोजली, क्रम पाहिला नाही. ते 60 पेट्यांचे परतीचे भाडे मी माझ्या बिलातून वजा केलं.

## पुढे काय ठरलं

कारखान्यात दोन बदल केले. गोदामाला एकच दार होतं आणि नवीन माल दाराशीच लागत होता, त्यामुळे घाईत नेहमी पुढचाच माल उचलला जायचा. इतवारीच्या वितरकाला महिनाभर ताजा माल जात राहिला आणि जुना मागे दबला, ही खरी सुरुवात होती. आता दोन रांगांमध्ये चालायला वाट सोडली आहे. प्रत्येक थप्पीवर पाटी लावून तीवर खडूने एकच तारीख लिहितात: रिटेलरला जाण्याचा शेवटचा दिवस. 4 एप्रिलच्या मालाला 4 मे. कामगाराला टक्केवारी कळायची गरज नाही. ती तारीख गेली की थप्पी रिटेलरची राहत नाही, वितरकाची होते. पश्चिमेची भिंत रिकामी ठेवतात.

दुसरं, ऑर्डर मान्य करतानाच स्लॉटच्या दिवसाचं मालाचं वय काढतात, त्यात दोन दिवस जादा धरून. बसत नसेल तर ऑर्डरच त्या दिवशी कमी करून घेतात.

रिटेलरबरोबरची बोलणी मला सगळ्यात शिकवणारी वाटली. मालकांना 75 चे 70 करून हवे होते आणि अधिकारी ऐकत नव्हता. त्याला टक्का कमी करायचा म्हणजे वरून परवानगी आणावी लागणार होती, आणि वर काय सांगायचं हे त्याच्याकडे नव्हतं. तेव्हा आम्ही टक्क्याचा विषय सोडून दिला आणि दिवसांचा कागद पुन्हा काढला. त्यातले 32 दिवस शेल्फचे होते, आणि ते एवढे होते कारण पेटीत 24 पाकिटं होती. पेटी 12 पाकिटांची केली तर दुकान ती सोळा दिवसांत संपवतं. खपात काही बदल नाही, फक्त एका वेळी अर्धा माल जातो. 90 मधून सोळा गेले की 74 उरतात.

पेटी बदलायला खर्च आहेच. 24 ची पेटी 16 रुपयांना पडते, 12 ची 11 रुपयांना, म्हणजे 24 पाकिटांमागे सहा रुपये जादा. 37 हजारांच्या तोट्याशी ताडून पाहिल्यावर मालकांनी तो मान्य केला. अधिकाऱ्यालाही वर नेण्यासारखा कागद मिळाला. सहा महिन्यांच्या चाचणीसाठी 65 टक्के मंजूर झाले, म्हणजे 78 दिवस. कारखान्याचा वाटा 30 वरून 42 दिवसांवर आला.

## वेगळं काय करता आलं असतं

2 मे हा खरा निर्णयाचा दिवस होता, 7 मे नव्हे. स्लॉट 7 चा मिळाला तेव्हाच 4 एप्रिलच्या पेट्या 4 मेनंतर बाद होणार हे कळण्यासारखं होतं. त्या दिवशी एक फोन केला असता तर तीनपैकी एक मार्ग निघाला असता: आधीचा स्लॉट, आठ टक्के सवलतीची मंजुरी किंवा ऑर्डर 140 पेट्यांवर आणणं. तिसऱ्यातही कपात टळली असती आणि 260 पेट्या वितरकाकडे आठवडाभर आधी, कमी तोट्याने गेल्या असत्या.

एप्रिलच्या मोठ्या बॅचचा मुद्दा अजून सुटलेला नाही. मोठी बॅच काढली की कढईतलं तेल आणि पॅकिंगचा रोल, दोन्ही स्वस्त पडतात, आणि मालकांना तो फायदा सोडवत नाही. साध्या चिवड्याचं 42 दिवसांत भागतं. पण लसणाची शेव दुकानात आठवड्याला दोन पाकिटंही खपत नाही. तिची पेटी 12 ची केली तरी शेल्फवर सहा आठवड्यांहून जास्त लागतील, आणि अधिकाऱ्याने तिला 65 टक्के द्यायला साफ नकार दिला. ती शेव आता ऑर्डर हातात आल्यावरच तळली जाते.